फेरविचाराचा अर्ज दुसऱ्यांदा कसा फेटाळून घ्यावा

विमा कंपनीने क्लेम फेटाळला म्हणून खचू नका. अजून फेरविचाराचा अर्ज करायचा आहे, आणि तोही फेटाळला जाईल अशा बेताने लिहिणं मुळीच अवघड नाही. बहुतेकांना ते पहिल्याच खर्ड्यात साधतं.

समजा, तुम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहता. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, मुठा पात्राबाहेर आली आणि एकतानगरीच्या सोसायट्यांमध्ये शिरली. तुमची पेट्रोल गाडी खाली पार्किंगमध्ये उभी, किल्ली वर घरात. पाणी सीटच्याही वर चढलं. ओसरल्यावर तुम्ही फोन केला, गाडी टो होऊन वर्कशॉपला गेली, सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला. खर्चाचा अंदाज निघाला ३,८५,००० रुपये. मग पत्र आलं: इंजिनात पाणी असताना ते सुरू करण्याचा प्रयत्न झाला आहे, इंजिनाचं नुकसान पुराने नव्हे तर त्या प्रयत्नाने झालेलं ‘परिणामी नुकसान’ आहे, तुमच्याकडे इंजिन प्रोटेक्ट कव्हर नाही, सबब क्लेम नामंजूर.

आता लिहायला बसा. सुरुवात प्रीमियमने करा. किती वर्षं न चुकता भरला, एकदाही क्लेम घेतला नाही, नो क्लेम बोनस कसा जपला, हे सविस्तर येऊ द्या. मग आईचं आजारपण, मग महापालिका, मग पाटबंधारे खातं. धरणातून किती पाणी सोडलं आणि आधी सांगितलं का नाही, यावर दीड पान सहज होतं. वाचणारा अधिकारी माणूसच आहे, त्याला वाईट वाटेल. वाईट वाटून तो फाईल बंद करेल, कारण त्याने फेटाळण्याचं जे कारण दिलं होतं, त्याला तुम्ही अजून बोटही लावलेलं नाही.

ते तसंच अस्पर्श ठेवायचं असेल तर पॉलिसीचं पुस्तक उघडू नका. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विभाग अगदी पहिला असतो आणि त्यात पूर हा शब्द स्वच्छ छापलेला आहे. पुढे अपवादांत परिणामी नुकसान आणि यांत्रिक बिघाड येतात. म्हणजे कंपनी पूर नाकारत नाही, पार्किंग नाकारत नाही. तिचा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे: कोणीतरी किल्ली फिरवली. हे ध्यानात आलं तर तुमचं पत्र एका पानाचं होईल, आणि एका पानात आईचं आजारपण मावत नाही.

हे वाक्य आलं कुठून, तेही विचारू नका. पहिल्या दिवशी टोल फ्री नंबरवर तुम्हीच म्हणाला होता, ‘‘गाडी स्टार्ट होत नाहीये.’’ आपल्याकडे बंद पडलेल्या कशालाही असंच म्हणतात. पलीकडच्या मुलीने ते टिपून घेतलं. ज्याला स्टार्ट होत नाही हे माहीत आहे, त्याने स्टार्ट करून पाहिलं असणार, हा तर्क पुढे कोणीतरी पूर्ण केला. पत्रात ‘मी किंवा अन्य कोणीही पाणी शिरल्यानंतर इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केलेला नाही’ असं सरळ वाक्य लिहिलंत, सोबत सोसायटीच्या वॉचमनचा जबाब आणि जागेवरून उचलल्याची टोची पावती जोडलीत, तर त्या तर्काचा पाय निखळतो. म्हणून लिहू नका.

यापेक्षा धोकादायक वस्तू वर्कशॉपमध्ये आहे, तिच्यापासून तर लांबच राहा. चालत्या इंजिनात एअर फिल्टरवाटे पाणी गेलं की पिस्टन ते दाबायला जातो, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उभ्या गाडीत पाणी शिरतं आणि नुसतं बसून राहतं; रॉड सरळच राहतो, फार तर आत गंज धरतो. ऑइलचंही तसंच. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे इंजिन फिरलेलंच नसेल तर ते तळाशी वेगळं साचतं. खालचा बोल्ट उघडला की बहुधा आधी गढूळ पाणी पडतं आणि मागून ऑइल. इंजिन चांगलं फिरलं असेल तर दोन्ही घुसळून दुधाळ, चहासारखं मिश्रण निघतं. (स्टार्टरचा एखादाच झटका बसला असेल तर खूण इतकी ठळक नसते, हे मान्य.) तेव्हा मेकॅनिकने ऑइल काढताना व्हिडिओ घेतला का, रॉड मोजले का, जॉब कार्डवर काय लिहिलं, हे विचारलंत तर नको ते लेखी हाती येईल. त्यापेक्षा त्याला म्हणा, ‘‘घाण आहे सगळी, टाकून द्या.’’

सर्व्हेअरचा अहवालही मागू नका. मागितला तर प्रत द्यावी लागते, आणि त्यात इंजिन सुरू केल्याचा पुरावा काय, या रकान्यात काहीच नसण्याची फार शक्यता असते. कोरा रकाना वाचून उगाच धीर येतो.

एक हिशेब मात्र चुकूनही करायचा नाही. त्या ३,८५,००० मध्ये, समजा, इंजिनाचे १,४०,००० आहेत. उरलेले २,४५,००० सीट, कार्पेट, वायरिंग आणि डॅशबोर्डखालच्या इलेक्ट्रॉनिक डब्यांचे आहेत. इंजिन सुरू केल्याने कार्पेट भिजत नाही. कंपनीचं म्हणणं अक्षरशः खरं धरलं, तरी ते फार तर इंजिनापुरतं लागू होतं. बाकीच्या रकमेतून प्लास्टिक-रबरावरचा घसारा आणि सक्तीची वजावट कापून पैसे द्यायला हवेत. पण इंजिनाचं कारण पुढे करून सगळाच क्लेम नामंजूर करणं सोपं जातं, आणि आपणही भांडताना ‘माझा क्लेम’ असं एकसंधच म्हणतो. अर्जात ‘इंजिनाबाबत आपला निर्णय कायम राहिला तरी उर्वरित भागांचा क्लेम स्वतंत्रपणे मंजूर करावा’ ही ओळ टाकली की अधिकाऱ्याला दोन निर्णय घ्यावे लागतात, आणि दुसऱ्याला कारण सापडत नाही. त्याला असं अडचणीत आणणं बरं दिसत नाही.

राहता राहिलं, पत्र कोणाला पाठवायचं. कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी पॉलिसीवर ईमेलसकट छापलेला असतो, त्याने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं असतं, म्हणून त्याला पाठवू नका. एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवा. तो ‘‘बघतो’’ म्हणेल. गणपती होतील, दिवाळी होईल, तो बघत असेल. लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही, तर विमा लोकपालांकडे फुकट जाता येतं, तिथे वकील लागत नाही, चालतही नाही. पण त्यासाठी आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली असावी लागते, आणि एका वर्षाच्या आत जावं लागतं. एजंटच्या निळ्या टिका त्यात धरत नाहीत. वर्ष असंच गेलं की लोकपालांची वाट बंद. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, ती घालवायला थोडी जास्त चिकाटी लागेल.

तोवर वर्कशॉपवाला न उचललेल्या गाडीचं पार्किंग दिवसाच्या हिशेबाने लावत असेल. ते कुठल्याच पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे निदान त्याच्यासाठी अर्ज लिहायचे कष्ट तरी वाचले.