शब्बाथच्या रात्री घरात दिवा असतोच

«शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यू लोकांच्या घरात विस्तव चालत नाही. रात्रभर अंधारात बसतात, दुसऱ्या दिवशी थंडगार शिळं खातात. बोट उचलणंसुद्धा त्यांच्यात काम धरतात, आणि घरात कुणी मरायला टेकलं तरी शनिवारी डॉक्टरला फोन करत नाहीत.»

हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. मी कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या घरात वाढले, आणि शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. सगळे ज्यू तो सारखाच पाळत नाहीत. कुणी नियम काटेकोर सांभाळतात, कुणी शुक्रवारचा दिवा आणि एकत्र जेवण एवढंच करतात. खाली जे लिहिते ते काटेकोर पाळणाऱ्या घरांबद्दल, कारण फिरणारा मजकूरही त्यांच्याचबद्दल बोलतोय.

अंधाराचं आधी घेऊ. ‘शब्बाथ दिवशी तुमच्या घरात विस्तव पेटवू नका’ अशी आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 35व्या अध्यायात आहे, हे खरं. पण ती त्या दिवशी नवा विस्तव पेटवण्याबद्दल आहे. आधी पेटवलेला दिवा जळत राहू द्यायला तिची आडकाठी नाही. म्हणूनच शब्बाथची सुरुवातच दिवा लावून होते, आणि तो सूर्यास्ताच्या आधी लावायचा असतो. बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी, जेरुसलेममध्ये 40 मिनिटं आधी. मुंबईत एखाद्या शुक्रवारी सूर्य साडेसहाला मावळत असेल, तर 6 वाजून 12 मिनिटांनी दिवे लागलेले हवेत.

बहुधा घरातली बाई दिवे लावते. दिवे किमान दोन असतात. आमच्याकडच्या जुन्या घरांत काचेच्या पेल्यात तेल आणि वात असायची, आता बऱ्याच घरांत मेणबत्त्या आल्या. युरोपातून आलेल्या अश्केनाझी घरांत बाई आधी दिवे लावते, हात ज्योतीभोवती फिरवते, डोळे झाकते आणि मग आशीर्वाद म्हणते. एरवी आशीर्वाद आधी आणि कृती नंतर असा क्रम असतो. इथे तो उलटा आहे, कारण तिने आशीर्वाद म्हटला की तिच्यापुरता शब्बाथ लागला, आणि मग काडी ओढता येणार नाही. पेटती काडीही ती फुंकून विझवत नाही, ताटलीत ठेवते, आपोआप विझते. मुळात स्पेनकडून आलेल्या अनेक सेफार्दी घरांत मात्र आशीर्वाद आधी म्हणून मग दिवे लावतात.

एकदा शब्बाथ लागला की दिव्याला हात लावायचा नाही. वात मंदावली तरी तेल घालायचं नाही, कारण तेल घालणं म्हणजे पेटवणं. तेल काढायचंही नाही, कारण तेल काढणं म्हणजे विझवणं. आणि दिवे लावायला उशीर झाला, सूर्य मावळून गेला, तर लावायचेच नाहीत. दिवा लावायच्या हौसेपायी शब्बाथ मोडायचा नाही. ज्या बाईच्या हातून असा एखादा शुक्रवार चुकला, तिने पुढे आयुष्यभर दर शब्बाथला एक दिवा जास्त लावायचा, अशी अश्केनाझी रीत आहे. दिव्याला या घरांत किती मान आहे, ते एवढ्यावरूनच कळावं.

तालमूद या ज्यूंच्या मोठ्या धर्मग्रंथात तर स्पष्टच म्हटलंय: गरिबाकडे शब्बाथचा दिवा किंवा किद्दुशचा, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाचा, द्राक्षारस यांपैकी एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर त्याने दिवा घ्यावा. अंधारात माणसं एकमेकांवर आदळतील, चिडचिड होईल, म्हणून घरातली शांती आधी, असं त्यामागचं कारण. अंधारात बसण्याची गोष्ट कुठून आली असेल, याचा अंदाज मात्र करता येतो. आठव्या-नवव्या शतकांत कराइट नावाचा पंथ उभा राहिला. त्याने मौखिक परंपरा नाकारली, त्या आज्ञेचा अर्थ ‘विस्तव असूच नये’ असा लावला आणि तो खरोखर अंधारात बसू लागला. बाकीच्या ज्यूंनी त्याला कडाडून विरोध केला. शुक्रवारच्या दिव्यावरचा आशीर्वाद याच वादातून रूढ झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे हा मजकूर ज्या रूढीबद्दल बोलतो, तिच्याविरुद्धच आमच्या बहुसंख्य पूर्वजांनी दिवा लावायचं ठरवलं होतं.

विजेचंही तसंच. बटण दाबायचं नाही, पण कुठला दिवा रात्रभर चालू राहणार ते शुक्रवारी दुपारीच ठरतं. बाहेरच्या खोलीतला आणि संडासातला चालू, झोपायच्या खोलीतला बंद, किंवा टायमर लावलेला. फ्रिजचं दार उघडताच आत दिवा लागतो, म्हणून तो आधीच काढून ठेवतात किंवा त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावतात. ती लावायची राहिली तर शनिवारभर फ्रिज उघडण्याची पंचाईत होते. शुक्रवारची धावपळ असते ती अशा बारीकसारीक गोष्टींची.

आता जेवणाचं. शनिवारी दुपारी ताटात वाफाळतं अन्न असतं, आणि ते मुद्दाम तसं असतं. त्या दिवशी शिजवायचं नसतं, पण आधी शिजलेलं गरम ठेवायला परवानगी आहे. त्यावरच हमीन नावाचा सगळा पदार्थ उभा आहे. अश्केनाझी लोक त्याला चोलंत म्हणतात.

एक भांडं धरून सांगते. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास मांस, बटाटे, घेवडा किंवा हरभरे आणि जव एका जाड बुडाच्या पातेल्यात चढवले. दिवे लावायच्या आधी ते पूर्ण शिजलेलं हवं. नियमात त्याहून थोडी सवलत आहे, पण घरोघरी सवय पूर्ण शिजवायचीच. मग गॅस अगदी बारीक करायचा, बर्नरवर आणि बटणांवर धातूचा पत्रा टाकायचा आणि पातेलं त्या पत्र्यावर ठेवायचं. पत्रा अशासाठी, की आच कमीजास्त करायचा हात आपसूक पुढे जाऊ नये. इस्राएलमध्ये आता यासाठी बटण नसलेली विजेची तापती पाटी वापरतात. पातेलं रात्रभर तिथेच राहतं.

चुका होतात त्या पाण्यात. पहाटे झाकण उघडलं आणि रस्सा आटलेला दिसला तर त्यात थंड पाणी ओतता येत नाही, कारण ते पाणी आता शिजणार. विस्तवावर असताना ढवळताही येत नाही, ढवळणं हा शिजवण्याचाच भाग धरला आहे. म्हणून जाणती बाई शुक्रवारीच पाणी सढळ हाताने घालते. बुडाला लागल्याचा वास आला तर पातेलं उतरवता येतं. वाढायचं तेव्हा ते आधी विस्तवावरून खाली घ्यायचं, मग त्यात डाव घालायचा. बगदादी ज्यूंनी मुंबईत आणि कोलकात्यात हमीनमध्ये कोंबडी आणि भात रात्रभर मुरवला. युरोपातल्या गावांत घरोघरची भांडी शुक्रवारी पाववाल्याच्या भट्टीत जात आणि शनिवारी दुपारी परत येत. बाराव्या शतकातले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, झेरहिया हालेवी यांनी तर लिहून ठेवलंय, की जो शब्बाथला गरम खात नाही तो पाखंडी तर नाही ना, याची चौकशी करावी. त्यांचा रोख अर्थातच गरम अन्न निषिद्ध मानणाऱ्यांवर होता.

आणि जेवणं तीन असतात: शुक्रवारी रात्री, शनिवारी दिवसा, आणि सूर्यास्ताच्या आधी एक हलकं. जेवणावर दोन अख्खे पाव ठेवतात, कारण बायबलप्रमाणे इस्राएली लोकांना वाळवंटात मान्ना नावाचं देवाने दिलेलं अन्न शुक्रवारी दुप्पट मिळत असे. कोकणात कोशर, म्हणजे आमच्या धर्मनियमांत बसणारा, द्राक्षारस मिळत नसे, म्हणून आमच्याकडे किद्दुश मनुकांच्या शरबतावर होतो. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, आणि हे सगळं शुक्रवारीच. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस सोडला तर शब्बाथला उपास करायला मनाई आहे. घरात सुतक असलं तरी त्या दिवशी उघड शोक आवरता घेतात.

बोट उचलण्याच्या गोष्टीत तर उलटंच आहे. घरातलं जड टेबल या खोलीतून त्या खोलीत घाम गाळत नेलं तरी चालतं. कागदावर दोन अक्षरं लिहिली तर शब्बाथ मोडला. इथे घामाचा हिशेब नाही. जगात काही नवं घडवण्यापासून त्या दिवशी हात आखडता घ्यायचा, एवढंच. सुमारे इ.स. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू कायद्याच्या ग्रंथात अशी 39 प्रकारची कामं दिली आहेत: पेरणं, मळणी करणं, दळणं, भाजणं, शिवणं, लिहिणं, बांधणं, पेटवणं, विझवणं, आणि शेवटी घरातली वस्तू बाहेर रस्त्यावर नेणं. आजचा फोन, गाडी, खरेदीविक्री यांची मनाई याच मुळांतून किंवा त्याभोवतीच्या कुंपणातून आली. चालणं, बोलणं, वाचणं, झोपणं, मुलांशी खेळणं, पाहुणे बोलावणं, सिनेगॉगला जाणं, याला कसलीच हरकत नाही.

कामांच्या या मनाईचा पुरावा रायगडात शोधायला फार लांब जावं लागत नाही. आमचे पूर्वज तिथे तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. पिळून तेल काढणं हे मळणीच्याच जातीतलं काम, म्हणून घाणा थांबे. शिवाय बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात विसाव्याच्या आज्ञेत माणसाबरोबर बैलाचंही नाव आहे, त्यामुळे घाण्याचा बैलही सुटे. हिब्रू पोथ्या हाताशी नसतानाही त्या लोकांनी हा दिवस सोडला नाही.

डॉक्टरच्या वाक्याचा मला मनापासून राग येतो, कारण असल्या अफवेपायी एखादा शेजारी मदतीला थबकू शकतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकात असं एकदा खरंच घडलं होतं. त्या वेळी ज्यूंवर राज्य करणाऱ्या ग्रीक राजा अँटायोकसच्या सैनिकांनी गुहांत लपलेल्या ज्यूंवर शब्बाथला हल्ला केला, त्यांनी प्रतिकार केला नाही आणि ते बायकामुलांसह मारले गेले. ते ऐकून ज्यू बंडाचा पुढारी मत्तथिया आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं, की यापुढे शब्बाथलाही लढून जीव वाचवायचा. पुढे तालमूदने बायबलमधल्या लेवीय या पुस्तकातल्या ‘या नियमांनी माणसाने जगावं’ या वचनावर बोट ठेवलं: जगावं, मरावं नव्हे. एका माणसासाठी एक शब्बाथ मोडा, म्हणजे तो पुढे अनेक शब्बाथ पाळेल.

सोळाव्या शतकातला शुल्हान आरूख हा कायदाग्रंथ याहून कडक आहे. जीव धोक्यात असताना जो धावतो तो स्तुत्य, आणि जो आधी परवानगी विचारत बसतो तो रक्त सांडणारा, असं तो सांगतो. छातीत कळ आली, बाळंतपणाच्या वेणा सुरू झाल्या, तान्ह्या बाळाला जोराचा ताप चढला, तर घरातल्याच माणसाने फोन उचलायचा, गाडी काढायची, दिवा लावायचा. धोका नक्की आहे की नाही अशी शंका असली तरी धोका आहे असंच धरायचं. बाराव्या शतकातला थोर रब्बी मैमोनिदीस याने लिहिलंय, की असं काम मुलांवर किंवा परधर्मीयांवर ढकलू नये, जाणत्या मोठ्यांनी स्वतः करावं.

औषधाची मनाई आहे ती किरकोळ दुखण्यांपुरती. हिंडतं-फिरतं माणूस, जरासं डोकं दुखतंय, तर पूर्वीच्या रब्बींनी औषध टाळायला सांगितलं, कारण त्या काळी औषध घरीच कुटत आणि त्या नादात कुणी खल-बत्ता हाती घेईल अशी भीती होती. आज गोळ्या तयार मिळतात, म्हणून काही रब्बी यात सूट देतात, काही देत नाहीत. दुखण्याने अंथरूण धरलेल्याला, जिवाला धोका नसला तरी, गोळी घ्यायला मुभा आहेच.