म्युऑनचं वय कुठून मोजायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

*“म्युऑनवरच्या लेखात तीन गोष्टी खटकल्या. इंटिग्रेशन बाय पार्ट्समधलं पहिलं पद ‘शून्य होतं’ म्हणून तुम्ही एका ओळीत सोडून दिलंत. अनंत गुणिले शून्य म्हणजे शून्यच, हे कुणी ठरवलं? पुढे म्हणता की २.२ मायक्रोसेकंद जगलेल्या म्युऑनचं अजून सरासरी २.२ शिल्लकच असतं. मग सरासरी आयुष्य ४.४ का नाही? आणि डिटेक्टरपर्यंत पोचणारे म्युऑन आधीच पंधरा-एक किलोमीटर खाली आलेले असतात. अशा अर्ध्या वयाच्या म्युऑनांवरून पूर्ण आयुष्य मोजणं पटत नाही.”*

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ते पद मी सोडायला नको होतं, कारण प्रयोगात नेमकं तेच पद आपल्याला चकवतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

म्युऑन हा थोड्याच वेळात क्षय होणारा अस्थिर कण. λ हा त्याच्या क्षयाचा दर धरला, तर t या क्षणाच्या आसपास क्षय होण्याच्या शक्यतेची घनता λe^(-λt) आहे. सरासरीसाठी ती t ने गुणून समाकलन करायचं. u = t आणि dv = λe^(-λt) dt घेतलं, की v = -e^(-λt) मिळतं:

```
∫₀^∞ t λe^(-λt) dt = [-t e^(-λt)]₀^∞ + ∫₀^∞ e^(-λt) dt
                   = 0 + 1/λ
```

चौकटी कंसातलं पद t = 0 ला शून्य आहे, त्यात वाद नाही. वरच्या टोकाला t वाढतो आणि e^(-λt) घटतो, तेव्हा कोण जिंकतं ते दाखवायलाच हवं. e^x च्या श्रेणीत x²/2 हे एक पद असतं आणि x धन असताना बाकीची सगळी पदंही धन असतात, म्हणून e^x > x²/2. यात x = λt ठेवलं की t e^(-λt) हे 2/(λ²t) पेक्षा लहान असल्याचं दिसतं, आणि t वाढत जाईल तसं ते शून्याकडे जातं. शेपूट इतक्या वेगाने बारीक होत नसेल तर हे घडत नाही. t च्या पुढे टिकण्याची शक्यता 1/(1+t) असती, तर ती t ने गुणून येणारं पद शून्याकडे न जाता १ कडे गेलं असतं आणि सरासरी अनंत आली असती. त्यामुळे तुमचा प्रश्न वाजवी होता.

आता उरलेल्या समाकलनाकडे पाहू. e^(-λt) म्हणजे t या क्षणी अजून जिवंत असण्याची शक्यता. बांधकामावरचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. एकूण किती मनुष्यदिवस भरले हे दोन प्रकारे काढता येतं : प्रत्येक मजुराची आडवी ओळ बेरजेला घ्या, किंवा रोजच्या हजेरीचे उभे रकाने बेरजेला घ्या. डावीकडचं समाकलन आडव्या ओळी मोजतं, उजवीकडचं उभे रकाने. इंटिग्रेशन बाय पार्ट्स इथे एवढंच करतं, आणि म्हणून सरासरी आयुष्य म्हणजे टिकाव-वक्राखालचं क्षेत्रफळ. म्युऑनसाठी ते २.१९७ मायक्रोसेकंद आहे. खालच्या आकडेमोडीत २.२ धरतो.

दुसरा आक्षेप. s नंतरही टिकण्याची शक्यता शेपटीच्या समाकलनातून येते : ∫ₛ^∞ λe^(-λt) dt = e^(-λs). s पर्यंत टिकलेल्याने आणखी t टिकण्याची शक्यता म्हणजे e^(-λ(s+t)) भागिले e^(-λs), म्हणजे पुन्हा e^(-λt). s पूर्ण उडून जातो. स्मृतिहीनता ती हीच. त्यामुळे २.२ पर्यंत टिकलेल्यांचं एकूण आयुष्य सरासरी ४.४ येतं, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण ते फक्त टिकलेल्यांचं. असे म्युऑन e^(-1), म्हणजे शेकडा ३६.८ असतात. उरलेले ६३.२ त्याआधीच संपतात आणि त्यांची सरासरी तेच समाकलन ० ते २.२ मध्ये केल्यावर ०.९२ येते. आता दोन्ही गट एकत्र करा :

०.६३२ × ०.९२ + ०.३६८ × ४.४ = ०.५८ + १.६२ = २.२

विसंगती कुठेच उरत नाही. लवकर गेलेल्यांना हिशेबातून वगळलं, तरच ४.४ दिसतं.

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तरही याच शेपटीत आहे. म्युऑन सिंटिलेटरमध्ये, म्हणजे कण आत आला की चमकणाऱ्या पदार्थात, येऊन थांबतो तेव्हा पहिली चमक दिसते. त्याचा क्षय होऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा दुसरी. घड्याळ या दोन चमकांमधला वेळ मोजतं. वर वातावरणात तो कधी जन्मला, स्वतःच्या घड्याळाने किती जगून खाली आला, हे आपल्याला माहीत नसतं. पण प्रत्येकाचा s वेगळा असला तरी उरलेल्या आयुष्याचं वितरण सगळ्यांचं तेच राहतं. माणसांच्या बाबतीत असं केलं असतं तर तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू झाला असता : साठीच्या लोकांना आणखी किती वर्षं मिळतात हे मोजून कुणी जन्मापासूनचं आयुर्मान सांगत नाही. माणसाची झीज होते. म्युऑन झिजत नाही. दर क्षणी क्षय होण्याची त्याची शक्यता तीच राहते.

खरा धोका घड्याळ कधी सुरू झालं यात नसून ते कधी थांबवलं यात आहे. पहिल्या चमकेनंतर उपकरण अनंत काळ वाट पाहू शकत नाही. समजा ते १० मायक्रोसेकंदच थांबतं. मग वरची मर्यादा W = 10 होते आणि तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवलंत ते पद शून्य होत नाही :

```
सरासरी = τ - W e^(-W/τ) / (1 - e^(-W/τ)),   τ = 1/λ
```

इथे e^(-10/2.2) साधारण ०.०१०६ आहे. म्हणजे वजा होणारा भाग ०.१०७, आणि सरासरी २.०९ येते. उशिरा गेलेले म्युऑन फक्त एक टक्का, पण ते सुटल्यामुळे सरासरी जवळजवळ पाच टक्के घसरते. नोंदींची सरळ सरासरी काढून तेच आयुष्य म्हणून वहीत उतरवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. वरच्या सूत्रातून उलट τ काढला की ही चूक निघते. सुरुवातीचा अर्धा मायक्रोसेकंद उपकरणाला नीट दिसत नसेल, तर मात्र चिंता नाही. त्याआधीच्या नोंदी टाकून द्यायच्या, उरलेल्या प्रत्येक वेळेतून ०.५ वजा करायचे आणि W ९.५ धरायचा. स्मृतिहीनतेमुळे एवढं पुरतं.

तुमच्या शंकेला एक जागा मात्र खरोखर आहे, आणि ती प्रवासात नसून थांबण्यात आहे. ऋण म्युऑन पदार्थात थांबला की अणूभोवती अडकतो आणि क्षयाआधीच अणुकेंद्रक त्याला गिळू शकतं. कार्बनमध्ये त्याचं आयुष्य त्यामुळे २.०३ च्या आसपास येतं. प्लास्टिकच्या सिंटिलेटरमध्ये धन आणि ऋण दोन्ही थांबतात, म्हणजे आपण दोन चरघातांकी वितरणांचं मिश्रण मोजत असतो, आणि मिश्रण स्मृतिहीन नसतं. जसजसा वेळ जातो तसतसे मागे उरलेल्यांत धन म्युऑनांचं प्रमाण वाढतं. फरक थोडा असल्याने काही शे नोंदींत तो दिसणार नाही, पण आलेलं उत्तर २.१९७ पेक्षा किंचित कमी का, याचं कारण तो आहे. योगायोगाने जुळलेल्या दोन असंबंधित चमका याच्या उलट काम करतात. त्या सगळ्या वेळांवर सारख्या पसरतात आणि शेपूट जाड करतात.

हे ओळखायचं असेल तर s च्या जागी ०, १, २, ३ मायक्रोसेकंद घ्या आणि दर वेळी s पासून पुढच्या सारख्याच लांबीच्या खिडकीतून τ काढा. नोंदींच्या संख्येमुळे येणाऱ्या चढउताराच्या आत तो तोच राहिला, तर वितरण चरघातांकी धरायला हरकत नाही. s बरोबर तो सतत चढत गेला, तर आधी शेवटच्या काही मायक्रोसेकंदांतल्या नोंदी पाहा. तिथे आलेख घसरायचा थांबून सपाट झाला असेल, तर ती पार्श्वभूमी आहे. ती वजा करून पुन्हा मोजा.

मूळ लेखातली ती एक ओळ काढून तिथे e^x > x²/2 ची पायरी आणि W चं सूत्र घातलं आहे.