शार्प रेशो १ च्या वर, म्हणून मुद्दल सुरक्षित?

“एफडीत पैसे ठेवून स्वतःचे नुकसान करू नका. फंड निवडताना फक्त शार्प रेशो बघा. ज्याचा शार्प जास्त, त्याचा परतावा जास्त. शार्प १ च्या वर असेल तर मुद्दल सुरक्षित. ०.०१ चा फरक असला तरी वरचाच फंड घ्या. नोबेल मिळालेले सूत्र आहे. सर्व निवृत्तांपर्यंत पोहोचवा.”

हा मजकूर सांगलीला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या फोनवर आला. रविवारी मी तिच्याकडे गेलो तेव्हा मुदत संपत आलेल्या आठ लाखांच्या ठेवीची पावती आणि दोन फंडांची माहितीपत्रके तिने टेबलावर मांडून ठेवली होती. एक पत्रक शेअरमध्ये गुंतवणूक करणाऱ्या फ्लेक्सी कॅप फंडाचे होते, दुसरे कमी पतमानाच्या कंपन्यांना कर्ज देणाऱ्या क्रेडिट रिस्क फंडाचे, आणि दुसऱ्यावरच्या शार्प रेशोभोवती तिने पेन्सिलने गोल केला होता. “हा बघ, एकच्या वर आहे,” ती म्हणाली. मावशीने तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. तिला आकड्यांची भीती नाही, आणि म्हणूनच आकड्याचा आधार देऊन खोटे सांगणाऱ्या या मजकुराचा मला अधिक राग आला.

मुद्दल सुरक्षित असल्याचे विधान यातले सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तेच घेतो. फंडाच्या सरासरी परताव्यातून जोखीममुक्त दर वजा करायचा आणि जे उरेल त्याला प्रमाण विचलनाने भागायचे, एवढेच शार्प रेशोचे सूत्र आहे. जोखीममुक्त दर म्हणजे काहीही धोका न पत्करता मिळाला असता तो दर. आपल्याकडच्या पत्रकांत त्यासाठी बहुधा एका रात्रीचा आंतरबँक दर, म्हणजे मायबॉर, धरलेला असतो. प्रमाण विचलन म्हणजे परतावा स्वतःच्या सरासरीच्या वरखाली किती हेलकावला त्याचे माप. या तिन्हींपैकी एकही आकडा मुद्दलाविषयी काहीच बोलत नाही. छेदात येतो तो फक्त झालेला आणि नोंदला गेलेला हेलकावा. अजून न झालेली पडझड तिथे शून्य म्हणूनच बसलेली असते.

आम्ही ते कागदावर करून पाहिले. आकडे मी समजावण्यासाठी बनवलेले होते. क्रेडिट रिस्क प्रकारच्या एका फंडाचे पाच वर्षांचे परतावे १०, ८, ९, ७ आणि ११ टक्के धरले. सरासरी ९ आली. सरासरीपासूनचे फरक १, −१, ०, −२ आणि २. त्यांच्या वर्गांची बेरीज १०, तिला वर्षांच्या संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे चाराने भागून २.५, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १.५८. जोखीममुक्त दर ६ टक्के धरला तर ९ वजा ६ म्हणजे ३, भागिले १.५८, म्हणजे शार्प रेशो १.९०. त्या मजकुराच्या कसोटीवर हा फंड तिजोरीइतका भक्कम ठरतो.

मग मी सहावे वर्ष जोडले. फंडाने ज्या कंपन्यांना कर्ज दिले होते त्यांतल्या दोघींनी पैसे थकवले, फंडाला त्या रोख्यांची किंमत घटवावी लागली आणि परतावा उणे १२ टक्के आला. सहा वर्षांची सरासरी आता ५.५, म्हणजे जोखीममुक्त दरापेक्षाही कमी. प्रमाण विचलन १.५८ वरून ८.६९ वर गेले आणि शार्प रेशो १.९० वरून उणे ०.०६ वर आला. हे सगळे एका वर्षात घडले. पाचव्या वर्षाच्या अखेरीस १.९० पाहून ज्याने आठ लाख घातले, त्याच्याकडे सात लाख चार हजार उरले. मावशीने तो हिशेब दोनदा करून पाहिला.

क्रेडिट रिस्क फंडात असे होण्याला कारण आहे, तो निव्वळ दुर्दैवाचा भाग नाही. कर्जाऊ पैसे वेळेवर फिटत राहतात तोवर व्याज दरमहा जवळजवळ सारखे जमा होते, म्हणून परताव्याची रेषा गुळगुळीत दिसते, आणि कर्ज थकले की तोटा एकदम एका घासात येतो. त्यात भर अशी की कमी पतमानाचे कित्येक रोखे बाजारात रोज विकलेच जात नाहीत. त्यांची रोजची किंमत मूल्यांकन संस्था अंदाजाने ठरवून देतात आणि त्या अंदाजात कालच्या किमतीचा बराच अंश शिल्लक असतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ अँड्र्यू लो यांनी २००२ साली ‘फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट्स जर्नल’मध्ये नेमके हेच तपासले. एका महिन्याचा परतावा मागच्या महिन्यासारखाच येत राहत असेल, तर मासिक आकड्यांवरून काढलेला वार्षिक शार्प रेशो फुगतो, आणि हेज फंडांच्या बाबतीत ही फुगवटी ६५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे त्यांनी दाखवले. ते फंड वेगळ्या जातीचे, पण क्वचित विकल्या जाणाऱ्या रोख्यांचा रोग तोच आहे. अशा फंडाचा उंच शार्प रेशो पाहिल्यावर मनात पहिला प्रश्न यावा तो हा की यातले रोखे खरोखर विकले जातात का.

पैसे हवे तेव्हा हातात येण्याचा प्रश्न तर या सूत्रात कुठेच नाही. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने भारतातल्या आपल्या सहा रोखे योजना गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला आणि गुंतवणूकदारांना पैसे काढता येणे बंद झाले. पुढे टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले हे खरे. पण त्या महिन्यांत ज्याच्या घरी शस्त्रक्रिया होती किंवा फी भरायची होती त्याची अडचण कोणत्याही प्रमाण विचलनात मोजली गेली नाही.

आणि ज्या ठेवीची हा मजकूर हेटाळणी करतो, तिच्या मुद्दलामागे निदान एक लेखी हमी आहे: एका बँकेत एका ठेवीदाराच्या व्याजासह पाच लाखांपर्यंतच्या रकमेला विमा आहे. मावशीच्या आठ लाखांपैकी तीन लाख त्या मर्यादेबाहेर होते, आणि ते दुसऱ्या बँकेत हलवावेत हा सल्ला तिला कोणी दिला नाही. ठेवीचा दर ठरलेला असतो, त्यामुळे तिचे प्रमाण विचलन शून्य येते आणि शून्याने भागता येत नाही. जिथे मुद्दलाची खरी हमी आहे तिथे हा रेशो निघतच नाही. मग त्याला मुद्दलाच्या सुरक्षेची कसोटी कोण म्हणेल?

शार्प जास्त म्हणजे परतावा जास्त, हे विधान सूत्र डोळ्यांसमोर धरले तरी कोसळते. दोन फ्लेक्सी कॅप फंड घ्या. पहिल्याचा सरासरी परतावा १४ टक्के, प्रमाण विचलन १३.३, दुसऱ्याचा परतावा १२, विचलन ९. जोखीममुक्त दर ६ धरला तर पहिल्याचा शार्प रेशो ०.६० आणि दुसऱ्याचा ०.६७. शार्प दुसऱ्याचा जास्त आहे, परतावा मात्र पहिल्याचा.

तरीही इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. या दोन फंडांच्या बाबतीत ०.६७ हा आकडा खरोखर काही उपयोगाचे सांगतो. पहिल्या फंडात सगळे पैसे न घालता सुमारे दोन तृतीयांश घाला आणि उरलेले जोखीममुक्त ठिकाणी ठेवा, म्हणजे एकूण हेलकावा दुसऱ्या फंडाइतकाच, ९ टक्के होईल. मग त्या मिश्रणाचा परतावा येतो ६ अधिक ०.६० गुणिले ९, म्हणजे ११.४ टक्के. दुसरा फंड तेवढ्याच हेलकाव्यात १२ देतो. शार्प रेशोचा अर्थ हाच: सारख्या हेलकाव्याला कोण किती जास्त देतो. एकाच गटातले फंड, एकच कालावधी, एकच जोखीममुक्त दर, एवढे पाळले तर हे माप वापरायला माझी ना नाही. मावशीपुढची दोन पत्रके मात्र एका गटाची नव्हती, आणि त्यांतले जोखीममुक्त दरही वेगवेगळ्या महिन्यांच्या अखेरचे होते.

आता त्या ०.०१ विषयी. पत्रकातला आकडा बहुधा तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून, म्हणजे अवघ्या छत्तीस निरीक्षणांवरून, काढलेला असतो. लो यांच्या त्याच लेखातले सूत्र लावले तर ०.६० या वार्षिक शार्प रेशोची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज सहज जितका चुकू शकतो ते माप, सुमारे ०.५८ येते. म्हणजे पत्रकात ०.६० छापलेल्या फंडाची खरी गुणवत्ता ०.०२ ते १.१८ यांच्या दरम्यान कुठेही असणे अगदी साहजिक आहे, आणि याच्याही बाहेर असू शकते. एका गटातले फंड बरोबरीने हलतात, त्यामुळे दोघांच्या फरकातली त्रुटी याहून कमी असते. पण ०.०१ च काय, वर मी घेतलेला ०.०७ चा फरकही छत्तीस महिन्यांत योगायोगाने येऊ शकतो, आणि त्यापायी एक फंड मोडून दुसऱ्यात जाणारा कर आणि निर्गमन शुल्क मात्र नक्की भरतो.

नोबेलचे एवढेच की विल्यम शार्प यांना १९९० साली हॅरी मार्कोविट्झ आणि मर्टन मिलर यांच्यासह अर्थशास्त्राचे पारितोषिक मिळाले ते भांडवली मालमत्तांच्या किंमतनिर्धारणाच्या सिद्धांतासाठी. हा रेशो त्यांनी १९६६ मध्ये ३४ अमेरिकी म्युच्युअल फंडांच्या तुलनेसाठी मांडला होता. तिथे फंडांची फंडांशी तुलना होती, ठेवीशी नव्हती.

शेवटी मावशीने विचारले की मग या पत्रकात बघायचे काय. मी तिला पान उलटून रोख्यांच्या पतमानाचा तक्ता दाखवला. सेबीच्या वर्गवारीप्रमाणे क्रेडिट रिस्क फंडाला किमान ६५ टक्के पैसे एए किंवा त्याहून खालच्या पतमानाच्या कंपनी रोख्यांत ठेवावेच लागतात, एए प्लसही त्यात धरत नाहीत. तक्त्यातल्या त्या ओळींची बेरीज तिने बोटाने खाली सरकत तोंडी केली. ती अडुसष्ट आली. मग तिने ठेवीची पावती पुन्हा पाकिटात घातली आणि दुसऱ्या बँकेतले व्याजाचे दर विचारायला फोन उचलला.