एका माणसाला एकच साहेब द्या

मे महिना, देवगडकडची आंब्याची फॅक्टरी, बॉयलर पेटलेला आणि मी शिफ्ट सुपरवायझर. माझ्या डोक्यावर साहेब दोन. एक प्रॉडक्शनचे, दुसरे क्वालिटीचे. दोघांनाही मी रिपोर्ट करायचं, दोघांच्याही सह्या माझ्या रजेच्या अर्जावर, आणि वर्षाच्या शेवटी दोघेही माझ्या कामाला मार्क देणार. हे ज्याने ठरवलं त्याने एक दिवस तरी माझ्या जागी उभं राहावं.

गेल्या आठवड्यातलीच गोष्ट सांगतो. आढीतून साठ क्रेट हापूस काढला, बाराशे किलोच्या आसपास. नमुन्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला तर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, साडेचौदा. आमच्या ऑर्डरला सोळा लागतो. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "कालचा अठराचा माल आहे ना, निम्मा निम्मा मिसळ, सोळाच्या वर जाईल. बायका बसून आहेत, लाइन चालू कर." हिशोब बरोबर होता, सव्वासोळा येतो. मी लाइन चालू केली. पाऊण तासाने क्वालिटीचे साहेब आले. "दोन दिवसांचा माल एका लॉट नंबरात जाणार नाही. उद्या कुणी तक्रार केली तर डबा कुठल्या फळाचा हे शोधणार कसं? थांबव." हेही बरोबर. मी थांबवली.

मग फोन. "थांबवलीस कोणाला विचारून?"

तोवर निम्मा रस वाफेच्या किटलीत गेला होता. वरून तिसऱ्या माणसाने निकाल द्यायला दीड तास लावला आणि तेवढा वेळ तो रस तसाच तापत राहिला. हापूसचा रस जास्त वेळ गरम राहिला की रंग करपट होतो, शिजल्याचा वास येतो. पिवळाधमक रस माझ्या डोळ्यांदेखत मळकट झाला. साली काढायच्या टेबलावरची मावशी हात पुसत म्हणाली, "दादानू, आता कोणाचा आयकूचा आम्ही?" काय सांगणार तिला?

संध्याकाळी दोन मेमो आले. एकात लिहिलंय, लाइन विनापरवानगी थांबवली. दुसऱ्यात, लाइन विनापरवानगी चालू केली. तारीख एकच, नाव माझंच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर पाहुण्यालाच दोन्हीकडून लाथा.

आणि हे काही नवं दुखणं नाही. हेन्री फेयॉल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने, ज्याने स्वतः खाणीची कंपनी चालवली, 1916 मध्येच हे मांडलं: कामगाराला आदेश एकाच वरिष्ठाकडून मिळाला पाहिजे. आदेशाची एकवाक्यता. बारावी कॉमर्सची पोरं हे पाठ करतात. त्याच्याआधी टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने एका कामगारावर आठ फोरमन नेमायची कल्पना काढली होती, वेग बघणारा वेगळा, दुरुस्ती बघणारा वेगळा, तपासणी करणारा वेगळा. फेयॉलला ते पटलं नव्हतं. मलाही पटत नाही, कारण ते आठ जण एकमेकांशी न बोलता थेट माझ्याशी बोलणार असतील तर त्यांच्या भांडणाचा निवाडा मीच करायचा. तेवढा पगार आणि तेवढा अधिकार मला आहे का?

कुणी म्हणेल, मग क्वालिटीला काही बोलूच द्यायचं नाही का? तसं मी म्हणतच नाही. क्वालिटीने लॉट अडवायलाच हवा, नाहीतर कारखाना बंद पडेल. पण लॉट अडवणं वेगळं आणि माणसाला हुकूम देणं वेगळं. त्यांनी क्रेटवर लाल कार्ड लावावं, आणि लाल कार्ड लागलं की कुणाच्याही शब्दावर माल हलणार नाही असं आधीच कागदावर असावं. मिसळायचं की नाही याची मर्यादा सीझन सुरू व्हायच्या आधी दोघांनी बसून लिहावी. मग बाकी काय करायचं, बायकांना दुसऱ्या टेबलावर बसवायचं की बॉयलर उतरवायचा, हे मला एकानेच सांगावं. रजा एकाने द्यावी, मार्क एकाने द्यावेत, रागवायचं असेल तर एकानेच रागवावं. दोघांचं पटत नसेल तर त्यांनी वरच्या मजल्यावर जाऊन भांडावं, माझ्या किटलीपाशी नको.

मी दोन्ही मेमोंना एकच उत्तर लिहिलंय. "दि. अमुक रोजी सकाळी दहाला लाइन चालू ठेवायची की थांबवायची, याचा अंतिम निर्णय कोणाचा होता, ते कृपया कळवावे." चार दिवस झाले. दोघांपैकी कुणीही उत्तर दिलेलं नाही, आणि आज सकाळी पुन्हा दोघांचेही फोन येऊन गेले, वेगवेगळी कामं सांगून, दोन्ही "आधी हे कर" म्हणून.