‘आपुलकीचा सूर’ म्हणजे नक्की काय लिहायचं?

कोकणातल्या बऱ्याच होमस्टेंचं पेज एकटा माणूस चालवत नाही. पुतण्या, काउंटरवरची मुलगी, मुंबईतली मामेबहीण, ज्याला वेळ मिळेल तो सणाची पोस्ट टाकतो. मग सूर जुळावा म्हणून एक कागद होतो आणि त्यावर लिहिलेलं असतं: ‘आपुलकीचा, उत्साही, अस्सल कोकणी’. माझ्या मते हा कागद कुचकामी आहे. विशेषणं वाचून कुणालाही लिहिता येत नाही.

मालवणकडच्या एका होमस्टेसाठी नारळी पौर्णिमेच्या पोस्ट अशा आल्या होत्या:

‘पावन पर्वानिमित्त सर्व सन्माननीय पाहुण्यांस कोटी कोटी शुभेच्छा.’

‘नारळीभात झाला का??? चला बीचवर!!! 🥥🌊🥥’

दोघांनाही आपली पोस्ट आपुलकीचीच वाटत होती, आणि त्यांचं चूक नव्हतं. शेवटी बसून एक नमुना लिहिला:

‘आज बंदरावर दर्याला नारळ दिला. आमच्या चुलीवर नारळीभात शिजतोय. होडी घेऊन जाणारे सगळे सुखरूप परत येवोत. नारळी पौर्णिमेच्या शुभेच्छा.’

नियम या नमुन्यातूनच काढले. पहिल्या वाक्यात आज इथे काय चाललंय ते, तेही लिहिणाऱ्याने पाहिलेलं. वाचणाऱ्याला ‘तुम्ही’, स्वतःला ‘आम्ही’. शुभेच्छा शेवटी, एकाच वाक्यात. उद्गारचिन्ह नाही, इमोजी फार तर एक. बुकिंगचा नंबर शुभेच्छांच्या पोस्टमध्ये नको, तो दुसऱ्या दिवशी. कागदावर प्रत्येक नियमाशेजारी नको असलेलं वाक्य आणि हवं असलेलं वाक्य, दोन्ही ठेवली. नवीन माणूस नियम वाचत नाही, जोडी बघून लिहितो.

मालवणीचाही नियम हवा. घरात बोलणाऱ्यानेच लिहावी, आणि एखादंच वाक्य. गुहागरकडची बोली मालवणी नाही, त्यामुळे तिथल्या होमस्टेने ‘येवा, कोकण आपलाच आसा’ टाकलं की तिकडच्या माणसाला लगेच कळतं, हे पेज बाहेरचं कुणीतरी चालवतंय. (हे वाक्य आता कोल्ड्रिंकच्या फ्रीजवरही दिसतं, तो भाग वेगळा.)

सूर एक ठेवला म्हणजे प्रत्येक सणाला तेच वाक्य फिरवायचं, असं नाही. शिमग्याला पालखी नाचते तेव्हा थट्टा चालते. नारळी पौर्णिमेला पाण्यात जायचं आमंत्रण नको, कारण ट्रॉलरवरची पावसाळी बंदी उठली तरी दर्या खवळलेला असू शकतो. गणपतीत चाकरमानी घरी आलेले असतात, तेव्हा ‘ऑफर’ हा शब्दच नको.

कागद जमला की नाही हे तपासायचं तर नावं झाकून जुन्या-नव्या पोस्ट तिऱ्हाईताला वाचायला द्या. कुणी लिहिली हे अजूनही ओळखता येत असेल, तर ती कशावरून ओळखली ते विचारा आणि तेवढी एक जोडी वाढवा.

एक गोष्ट मात्र नमुन्यात बसत नाही. शेड्यूल केलेली पोस्ट लागायची असते आणि गावातली होडी परतलेली नसते. अशा वेळी पोस्ट थांबवायची कुणी, हे कागदावर सगळ्यात वर, नाव आणि फोन नंबरासकट लिहून ठेवा.