“त्याच अटींवर पॉलिसी दिली नसती” एवढं कारण क्लेम नाकारायला पुरत नाही

नवरा गेल्यावर टर्म इन्शुरन्सचा क्लेम टाकला. दोन-तीन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: “विमाधारकाने प्रपोजल फॉर्ममध्ये पूर्वीचा आजार जाहीर केला नव्हता. तो जाहीर केला असता तर आम्ही त्याच अटींवर पॉलिसी दिली नसती. सबब दावा अमान्य.” बहुतेक घरांत इथेच विषय संपतो. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं होतं, आजार तर होऊन गेला होता, म्हणजे चूक आपलीच, असं नॉमिनीला वाटतं.

माझं म्हणणं असं की आजार किरकोळ आणि बरा झालेला असेल, तर हे पत्र पुन्हा एकदा नीट वाचा. ‘त्याच अटींवर’ या दोन शब्दांत अपिलाचा बराचसा जीव आहे.

विमा कायदा १९३८ चं कलम ४५, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, असं सांगतं: पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची किंवा रायडर जोडल्याची तारीख, यांतली सगळ्यात उशिराची तारीख धरायची. तिथून तीन वर्षं झाल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही. तीन वर्षांच्या आत करता येतो, पण वाटेल तसा नाही. माहिती लपवली एवढंच पुरत नाही, ती महत्त्वाची असावी लागते. महत्त्वाची म्हणजे काय, हेही त्याच कलमात आहे. जोखमीशी तिचा थेट संबंध हवा आणि ही गोष्ट माहीत असती तर पॉलिसी दिलीच गेली नसती, हे कंपनीने दाखवायचं. दाखवायची जबाबदारी कंपनीवर आहे, नॉमिनीवर नाही.

आता दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. कंपनी म्हणते, ‘त्याच अटींवर दिली नसती’. कायदा म्हणतो, ‘दिलीच नसती’. प्रीमियम थोडा वाढवून दिली असती किंवा एक जादा तपासणी सांगून दिली असती, तर ती ‘दिली असती’ यातच मोडते.

एक प्रकरण समजा. ४१ वर्षांचा माणूस, ५० लाखांची टर्म पॉलिसी, १२ जून २०२२ ला मिळालेली. ३ फेब्रुवारी २०२५ ला हार्ट अटॅकने मृत्यू. कंपनीचं पत्र २० मे २०२५ चं, म्हणजे तीन वर्षांना तीन आठवडे बाकी असताना आलेलं. आक्षेप असा की २०१९ मध्ये मुतखड्यासाठी तो दोन दिवस ॲडमिट होता. दुर्बिणीतून खडा काढला, स्टेंट टाकला, तीन आठवड्यांनी तोही काढला आणि नंतरची सोनोग्राफी स्वच्छ आली. फॉर्ममधला प्रश्न होता, “गेल्या पाच वर्षांत किडनी किंवा मूत्रमार्गाचा आजार झाला आहे का?” आणि उत्तर ‘नाही’.

हे उत्तर चुकीचं होतं. ते बरोबर होतं असं अपिलात म्हणू नका. ‘विसरले असतील’, ‘एजंटने भरलं असेल’, ‘हा काय आजार म्हणायचा’ असे तीन खुलासे एका पत्रात एकत्र आले की वाचणाऱ्याचा एकावरही विश्वास बसत नाही. वाद उत्तराचा नाही, ती माहिती महत्त्वाची होती का याचा आहे, यावर ठाम राहा.

लिहायला बसण्याआधी कागद मागवा. नाकारण्याची कारणं आणि ती ज्या कागदांवर आधारलेली आहेत ते कागद नॉमिनीला लेखी कळवणं कलम ४५ नुसार कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून ईमेल करून या गोष्टी नाव घेऊन मागा: सही किंवा ओटीपीसह पूर्ण प्रपोजल फॉर्म, कंपनीने पॉलिसीआधी करून घेतलेल्या वैद्यकीय तपासणीचे रिपोर्ट, पडताळणीच्या फोन कॉलचं रेकॉर्डिंग, तपासनीसाचा अहवाल, हॉस्पिटलमधून मिळवलेले केसपेपर आणि मुतखडा असलेल्यांना पॉलिसी देण्या-न देण्याचा कंपनीचा अंतर्गत अंडररायटिंग नियम. शेवटची गोष्ट कंपनी सहसा देत नाही. तरी मागाच. मागूनही दिली नाही, हा मुद्दा पुढे लेखी राहतो.

आपल्या उदाहरणात सगळ्यात मोलाचा कागद कंपनीच्याच फाइलमध्ये आहे. जून २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच्या सेंटरमध्ये रक्त-लघवी तपासली होती. क्रिएटिनिन ०.९, लघवीचा रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे किडनी कशी चालते आहे हे बघूनच कंपनीने पॉलिसी दिली. एकदाच झालेला, पूर्ण निघालेला खडा आणि नॉर्मल किडनी असलेल्या माणसाला विमा कंपन्या सर्रास पॉलिसी देतात. ‘दिलीच नसती’ हे सिद्ध करायचं तर कंपनीला असा नियम दाखवावा लागेल की ज्यात अशा माणसाला सरळ नकार लिहिला आहे.

केसपेपरकडेही नीट बघा. शेवटच्या ॲडमिशनच्या वेळी, रात्री दोन वाजता, कॅज्युअल्टीतला डॉक्टर घाबरलेल्या नातेवाइकाला विचारतो, “आधी काही त्रास?” आणि मिळालेलं उत्तर एका ओळीत लिहितो. त्या ओळीत ‘किडनीचा त्रास, ५ वर्षांपासून’ असं आलं की एकदाच होऊन गेलेला खडा कागदावर पाच वर्षं चाललेला किडनीचा आजार होऊन बसतो. माहिती कोणी दिली, कोणी लिहिली, खाली सही आहे का, आणि त्या पाच वर्षांतलं एक तरी प्रिस्क्रिप्शन कंपनीकडे आहे का, हे विचारा. लिहिणाऱ्या डॉक्टरच्या प्रतिज्ञापत्राशिवाय आणि जुन्या उपचारांच्या कागदांशिवाय नुसती हिस्ट्रीची ओळ हा कच्चा पुरावा आहे, असं ग्राहक आयोगांनी अनेकदा म्हटलं आहे. तुमच्याकडे २०१९ चं डिस्चार्ज कार्ड असेल तर ते जोडा. नसेल तर आजच त्या हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचं असतं, पण जपून ठेवण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची आहे, त्यामुळे जुने कागद मिळतीलच असं नाही.

पत्रात कोणता आरोप आहे तेही तपासा. ‘फसवणूक’ हा एक आरोप, ‘माहिती न देणं’ हा दुसरा. फसवणूक म्हटली आणि विमाधारक हयात नसेल, तर ती नव्हती हे दाखवण्याचा भार वारसावर येतो. नुसती माहिती लपवल्याचा आरोप असेल तर कंपनीला भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. त्यामुळे पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द पेरलेला असला आणि हप्ते मात्र खात्यात परत आले असतील, तर कंपनी स्वतःच दुसऱ्या आरोपावर उभी आहे, हे अपिलात लिहा. ते पैसे आले की त्याच आठवड्यात ईमेल करा: “ही रक्कम मी हरकत कायम ठेवून स्वीकारत आहे, पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून नाही.” ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या व्हाउचरवर सही करू नका. पुढे त्या एका सहीवर भांडत बसावं लागतं.

एजंटला खड्याची माहिती होती आणि त्याने ‘नाही लिहा’ सांगितलं, असं असेल आणि व्हॉट्सॲपवर तसा मेसेज असेल, तर तो जरूर जोडा. पॉलिसी विकणारा माणूस कंपनीचाच एजंट धरला जाईल, असं फसवणुकीबद्दलच्या पोटकलमाखाली स्पष्टीकरण आहे. पुरावा नसेल तर हा मुद्दा काढूच नका.

आता सगळे करतात त्या युक्तिवादाबद्दल: “ते खड्याने गेले नाहीत, हार्टने गेले.” हा मुद्दा घ्या, पण एकट्या त्याच्यावर अपील उभं करू नका. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंबरेच्या मणक्याचा आजार न सांगितलेल्या आणि हृदयविकाराने गेलेल्या विमाधारकाच्या पत्नीच्या बाजूने निकाल दिला. न सांगितलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नव्हता आणि जीवाला धोका होईल असाही तो नव्हता, असं त्यात धरलं. पण २०२० मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तिथे प्रपोजलच्या जेमतेम महिनाभर आधी माणूस पोटाच्या गंभीर आजाराने हॉस्पिटलमध्ये होता आणि पॉलिसी मिळाल्यावर महिन्याभरात गेला. म्हणून मृत्यूचं कारण दुसऱ्या परिच्छेदात ठेवा, पहिला परिच्छेद ‘पॉलिसी दिलीच नसती का’ याला द्या. आणि लपवलेली गोष्ट इन्शुलिनवरचा मधुमेह, आधीचा अटॅक किंवा कॅन्सर असेल, तर हा मार्ग चालणार नाही. रोजची बीपीची गोळी ही मधली जागा आहे, तिथे कंपनीचा नियम आणि तपासणीचे आकडे काय सांगतात त्यावर सगळं ठरतं.

अपिलाचा गाभा एवढाच पुरे: “२०१९ मध्ये एकदाच मुतखडा झाला, उपचार पूर्ण झाले, नंतर त्रास नाही. जून २०२२ च्या आपल्याच तपासणीत किडनीचं कार्य नॉर्मल आहे. ही बाब माहीत असती तर पॉलिसी दिलीच गेली नसती, हे कलम ४५(४) प्रमाणे आपण दाखवायचं आहे. आपल्या पत्रात फक्त ‘त्याच अटींवर’ असं म्हटलं आहे. संबंधित अंडररायटिंग नियमाची प्रत द्यावी, अन्यथा विमा रक्कम विलंबाच्या व्याजासह अदा करावी.” सोबत मृत्यूचा दाखला, पॉलिसी, नाकारल्याचं पत्र आणि दोन्ही वेळचे रिपोर्ट. दीड पानाच्या वर नको.

हे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा आणि bimabharosa.irdai.gov.in वरही नोंदवा, म्हणजे टोकन नंबर मिळतो. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, की विमा लोकपाल. तक्रार cioins.co.in वर टाकता येते. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालाचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, तुम्हाला नाही. विरुद्ध गेला तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. उलट मात्र चालत नाही: आयोगात किंवा कोर्टात केस टाकली की लोकपाल ती तक्रार घेत नाही.

पॉलिसी एक कोटीची असेल तर थेट ग्राहक आयोग. एक कोटी म्हणजे राज्य आयोग, असं समजून लोक घाबरतात. २०१९ च्या कायद्यात विमा रक्कम नाही, भरलेला मोबदला म्हणजे प्रीमियम बघतात, आणि तो ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. टर्मचा प्रीमियम एवढा क्वचितच असतो. तो ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. लोकपालाकडे गेलेला वेळ त्यात आपोआप मिळेल असं धरून चालू नका: पत्र २० मे २०२५ चं असेल, तर २० मे २०२७ च्या बऱ्याच आधी तक्रार दाखल झालेली हवी.