रात्री दोनची साखर

«रोज बोट टोचून साखर बघतोच, मग आकडाच न दाखवणारा सेन्सर दंडावर कशाला?»

माझंही हेच म्हणणं होतं. उपाशीपोटी 105-110, तीन महिन्यांची सरासरीही चांगली. पण पहाटे घामाने बनियन भिजायचं आणि सकाळी डोकं जड असायचं. डॉक्टरांनी 14 दिवसांचा सेन्सर लावला. तो दर 15 मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला 96 नोंदी स्वतःकडेच ठेवतो. आपल्याला दिसत नाही म्हणून आपण आकडा बघून जेवण बदलत नाही. नेहमीचं वागणंच नोंदलं जातं.

क्लिनिकमध्ये आलेख उघडला तर बऱ्याच रात्री दोन ते चारमध्ये साखर 55-60 आणि उजाडेपर्यंत आपोआप वर. सकाळच्या टोचण्याला ते कसं कळणार? डॉक्टरांनी संध्याकाळची साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी निम्मी केली.

एका रात्रीचा खड्डा मात्र त्यांनी सोडून दिला. एकदम खाली, लगेच वर. सेन्सरच्या बाजूच्या कुशीवर झोपून तो दाबला गेला की असं होतं म्हणे. पहिल्या दिवसाच्या नोंदींवरही फार भर दिला नाही.

जेवणाच्या, गोळ्यांच्या, झोपेच्या वेळा वहीत लिहा. मी चार दिवस आळस केला, तेवढ्या रेषेचा अर्थच लागला नाही.